दलालाने दिलेला शब्द मालकाला कधी बांधतो?

घर घेणारे लोक वकिलाकडे जातात तेव्हा हा प्रश्न हमखास विचारतात. "एजंटनं सांगितलं होतं, नव्वद लाखांत देतो, पार्किंग घराबरोबरच आहे, दिवाळीपर्यंत ताबा मिळेल. आम्ही टोकनही दिलं. आता मालक म्हणतात, मी असं काही बोललोच नव्हतो. मग एजंटचा शब्द मालकाचा नाही का?"

घर विकणाऱ्यांचा प्रश्न याच्या उलट असतो. "मी त्याला फक्त गिऱ्हाईक आणायला सांगितलं होतं. त्यानं परस्पर काय काय कबूल केलं. ते सगळं मी का निभवायचं?"

दोघांचीही बाजू ऐकताना पटते. भारतीय करार कायद्याने 1872 सालीच यावर नियम घालून दिले आहेत आणि ते आजही लागू आहेत. ते समजून घेण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू.

1. आपले उदाहरण

समजा, नाशिकला राहणाऱ्या एका बाईंचा पुण्यात कोथरूडला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे आणि तो त्यांना विकायचा आहे. त्या एका एजंटला फोनवर सांगतात, "पंच्याण्णव लाखांच्या खाली द्यायचा नाही. चांगलं गिऱ्हाईक आणा, व्यवहार झाला की एक टक्का दलाली देईन." एवढेच बोलणे होते. फ्लॅट दाखवता यावा म्हणून किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवलेली असते.

एजंट एका तरुण जोडप्याला फ्लॅट दाखवतो. त्यांना घर आवडते, पण पैसे कमी पडतात. एजंट म्हणतो, "नव्वदला करून देतो. खालचं झाकलेलं पार्किंग मॅडमच्याच नावावर आहे, ते घराबरोबर येईल. दिवाळीच्या आत ताबा." जोडपे त्याच्या हातात एक लाख रुपये टोकन देते. तो आपल्या लेटरहेडवर पावती लिहून देतो. पावतीवर फ्लॅटचा पत्ता, नव्वद लाख ही किंमत आणि पार्किंगचा उल्लेख असतो. मालकीणबाईंची सही नसते.

बाई म्हणतात, नव्वदला विकणार नाही. जोडपे म्हणते, तुमच्या माणसाने शब्द दिला आहे. कोण बरोबर?

2. दलालाचे नेहमीचे काम किती?

एखाद्याच्या वतीने काम करणाऱ्याला अधिकार दोन वाटांनी मिळतो. एक, स्पष्ट शब्दांत, मग ते बोलून असो की लिहून. दुसरी वाट म्हणजे परिस्थितीवरून आणि त्या धंद्याच्या रीतीवरून. नेमलेले काम पार पाडायला जे जे लागते, ते करण्याचा अधिकार न सांगताही त्यात येतो. म्हणून पहिला प्रश्न असा, की घरांच्या दलालाचे रीतीने चालत आलेले काम काय?

बाजार समितीतला अडत्या डोळ्यांसमोर आणा. शेतकरी कांद्याच्या गोण्या त्याच्याकडे उतरवतो आणि गावी परततो. माल अडत्याच्या ताब्यात असतो, लिलाव त्याच्या गाळ्यासमोर होतो, पट्टी तोच करतो. तो विकतो म्हणजे खरोखरच विकतो, आणि घेणाऱ्या व्यापाऱ्याला शेतकऱ्याने कानात काय सांगितले होते हे विचारत बसण्याचे कारण नसते. करार कायद्यात जवळपास असेच उदाहरण आहे. मालकाने विक्रीसाठी माल सोपवला आणि ठरावीक भावाखाली विकू नकोस असे खासगीत बजावले. एजंटने त्याहून कमी भावाला विकला आणि घेणाऱ्याला ती सूचना ठाऊक नव्हती. अशा वेळी मालक त्या सौद्याला बांधला जातो.

घराचा दलाल अडत्या नव्हे. घर त्याच्या ताब्यात नसते आणि कागद मालकाच्या कपाटात असतात. किमतीशिवाय शंभर गोष्टी ठरायच्या असतात. मालकी हक्काचे कागद, बँकेचा बोजा, सोसायटीची थकबाकी, हप्ते, ताब्याची तारीख, साठेखत कधी करायचे, नोंदणी कधी करायची. या गोष्टी मालक स्वतः किंवा त्याचा वकील ठरवतो. दलाल गिऱ्हाईक शोधतो, घर दाखवतो, दोघांना समोरासमोर आणतो. त्याच्या नेहमीच्या अधिकाराची हद्द एवढीच.

हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1950 सालीच सांगितले. अब्दुल्ला अहमद विरुद्ध अनिमेंद्र किसेन मित्तर या खटल्यात वाद कलकत्त्याच्या एका मालमत्तेचा होता. मालकाने 1943 साली दलालाला पत्र देऊन विक्रीची बोलणी करण्याचा अधिकार दिला होता. किंमत एक लाख रुपयांहून कमी नसावी आणि गिऱ्हाईक मिळवून दिल्यास अमुक दलाली मिळेल, असे त्यात होते. दलालाने एक लाख दहा हजारांना तयार असलेले गिऱ्हाईक आणले आणि मालकाच्या वतीने होकार कळवून टाकला. किंमत मालकाच्या अटीहून जास्तच होती. तरीही न्यायालय म्हणाले की बोलणी करण्याचा आणि गिऱ्हाईक मिळवण्याचा अधिकार म्हणजे मालकाला बांधून टाकणारा करार पक्का करण्याचा अधिकार नव्हे. आपली दलाली मात्र त्याने कमावली होती, कारण त्याच गिऱ्हाइकामार्फत पुढे मालमत्ता विकली गेली.

हा निकाल नीट लक्षात घ्यावा असा आहे. मालकाने किंमत सांगितली म्हणून दलाल त्या किमतीला सौदा पक्का करू शकतो, हा समज त्याने खोडून काढला. मालकाने "माझ्या वतीने विक्रीचा करार करा आणि सही करा" असे नेमकेपणाने लिहून दिले असेल, तर गोष्ट वेगळी. पण तसे लिखाण दाखवावे लागते.

आता कोथरूडकडे वळू. बाईंनी एजंटला गिऱ्हाईक आणायला सांगितले होते. एजंटने पंच्याण्णव लाख कबूल केले असते तरी बाई बांधल्या गेल्या नसत्या. इथे तर नव्वद आहेत. एवढ्याच हकिकतीवर जोडप्याचा दावा टिकत नाही.

3. मालकाने स्वतः काय दाखवले?

पण हकीकत सहसा एवढीच नसते. करार कायद्याचे 237 वे कलम या विषयाचा गाभा आहे. एजंटने अधिकार नसताना काही केले, पण मालकाने आपल्या शब्दांनी किंवा वागण्याने समोरच्या माणसाला असे वाटायला लावले की हे एजंटच्या अधिकारातच आहे, तर मालक बांधला जातो. याला दर्शनी अधिकार म्हणता येईल. आतून तो नसतो, पण बाहेरून दिसतो, आणि तो दिसावा ही करणी मालकाची असते.

लोकांची चूक इथे होते. "एजंट इतक्या खात्रीने बोलत होता", "त्याच्याकडे किल्ली होती", "त्याचं मोठं ऑफिस आहे", असे ते सांगतात. एजंटने स्वतःबद्दल कितीही ठामपणे सांगितले तरी त्यातून मालकावर बंधन येत नाही. ज्याला अधिकार नाही, तो "मला अधिकार आहे" एवढे म्हणून तो मिळवू शकला असता, तर कोणाचीच मालमत्ता सुरक्षित राहिली नसती. विश्वास मालकाकडून आलेला असावा लागतो. किल्लीवरूनही इतकेच दिसते की घर दाखवायची परवानगी आहे.

आयुर्विमा महामंडळाच्या दोन खटल्यांतून हा फरक स्वच्छ दिसतो. मालमत्तेशी त्यांचा संबंध नाही, पण नियम तोच आहे. पहिला, 1997 चा हर्षद शहा खटला. विमेदाराने थकलेल्या हप्त्याचा बेअरर चेक विमा एजंटला दिला. एजंटने तो वटवला, पण पैसे महामंडळात भरले नाहीत. दरम्यान विमेदार अपघातात गेला आणि दुसऱ्या दिवशी एजंटने हप्ता भरला. एजंटांनी हप्ते घेऊ नयेत असा महामंडळाचा नियम होता, आणि एजंट हप्ते घेऊ शकतात असा समज महामंडळाने स्वतः करून दिल्याचे पुढे आले नाही. महामंडळ बांधले गेले नाही.

दुसरा 1999 चा, दिल्लीच्या वीज उपक्रमातल्या एका कर्मचाऱ्याच्या पत्नीचा. तिथे हप्ता पगारातून कापून भरण्याची योजना होती. ती योजना महामंडळानेच आखली होती आणि हप्त्याचा सगळा व्यवहार मालक-संस्थेमार्फतच चालेल अशी व्यवस्थाही त्यानेच केली होती. संस्थेने हप्ते भरले नाहीत. न्यायालयाने म्हटले की कर्मचाऱ्याच्या नजरेत संस्था महामंडळाच्या वतीनेच पैसे घेत होती, आणि तसे वाटायला महामंडळाची योजनाच कारण होती. इथे महामंडळ बांधले गेले.

आता आपल्या उदाहरणात थोडा बदल करू. टोकन देण्याआधी जोडप्यातली तरुणी मालकीणबाईंना फोन करते. "ताई, एजंट किंमत आणि बाकीचं ठरवताहेत, ते तुम्हाला चालेल ना?" बाई घाईत असतात. त्या म्हणतात, "हो, मी लांब राहते. सगळं त्यांच्याशीच बोला. ते ठरवतील ते मला मान्य आहे." एजंटला त्यांनी खासगीत पंच्याण्णवची मर्यादा घातली होती, पण तरुणीला ती सांगितली नाही. या एका फोनने पारडे फिरते. आता नव्वदचा शब्द बाईंना बांधू शकतो, कारण एजंटवर विसंबायला त्यांनी स्वतः सांगितले.

याला एक मर्यादा आहे. एजंटला खरोखर अधिकार नाही हे समोरच्याला ठाऊक असेल, तर त्याला या कलमाचा आधार नाही. "मॅडम पंच्याण्णव म्हणतात, पण मी नव्वदला बसवतो" असे एजंट बोलला असेल, तर जोडप्याला मर्यादा कळलीच. मग बाईंच्या फोनचाही फारसा उपयोग होणार नाही.

4. मागाहून दिलेला होकार

मालक बांधला जाण्याची दुसरी वाट म्हणजे काम झाल्यावर ते आपलेसे करणे. ते बोलून होते तसे वागण्यानेही होते, आणि प्रत्यक्षात बहुतेक मालक याच वाटेने अडकतात.

समजा एजंट ते एक लाख बाईंच्या खात्यात यूपीआयने पाठवतो आणि पावतीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. बाई फोटो उघडतात, नव्वद लाख आणि पार्किंग वाचतात, काही बोलत नाहीत आणि पैसे ठेवून घेतात. तीन आठवड्यांनी जास्त पैसे देणारे दुसरे गिऱ्हाईक येते, तेव्हा त्या म्हणतात की एजंटला अधिकार नव्हता. हे चालणे कठीण आहे. सगळे ठाऊक असताना त्यांनी व्यवहाराचा फायदा स्वीकारला.

इथे दोन नियम सोबत चालतात. पहिला असा, की महत्त्वाची हकीकत नीट माहीत नसताना दिलेला होकार हा होकार नव्हे. एजंटने फक्त "टोकन आलं, पाठवतोय" एवढेच कळवले असेल आणि किंमत सांगितली नसेल, तर पैसे घेतल्याने बाई नव्वदला बांधल्या जात नाहीत. मात्र किंमत कळल्या दिवशी त्यांनी पैसे परत करून नकार कळवायला हवा. दुसरा नियम असा, की होकार द्यायचा तर पूर्ण व्यवहाराला. टोकन ठेवीन, पण पार्किंगचे मला सांगू नका, अशी निवड करता येत नाही.

पैसे एजंटकडेच राहिले आणि तो गायब झाला, तर नुकसान कोणाचे? बाईंनी त्याला टोकन घ्यायला सांगितले नव्हते. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1976 मध्ये सॉरेल विरुद्ध फिंच या खटल्यात ठरवले की घराचा दलाल केवळ दलाल असल्यामुळे विक्रेत्याच्या वतीने अनामत घेण्याचा अधिकारी होत नाही. दलालाने पैसे बुडवले तर विक्रेता ते भरून देणार नाही. हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नसला तरी आपल्या कायद्याच्या चौकटीत चपखल बसतो. म्हणून एजंटच्या हातात किंवा खात्यात दिलेले टोकन हा घेणाऱ्याने स्वतः पत्करलेला धोका असतो.

अशा वेळी जोडपे अगदीच निराधार नसते. नसलेला अधिकार आहे असे भासवून ज्याने व्यवहार करायला लावला आणि मालकाने तो मान्य केला नाही, त्याच्याकडून भरपाई मागता येते. तो एजंट सापडला आणि त्याच्याकडे पैसे असले, तर त्या हक्काला अर्थ आहे.

5. वचन वेगळे, खोटी माहिती वेगळी

एजंटची तीन वाक्ये पुन्हा पाहू. "नव्वदला देतो" आणि "दिवाळीच्या आत ताबा" ही पुढे काय करू याची वचने आहेत. "पार्किंग मॅडमच्या नावावर आहे" हे वचन नाही, ती आज काय आहे याची माहिती आहे. कायदा दोन्हींकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

घराची माहिती देणे हे दलालाचे नेहमीचे कामच आहे. ते काम करताना त्याने मालकाच्या वतीने खोटी माहिती दिली, तर 238 व्या कलमाप्रमाणे तिचा कराराच्या वैधतेवर होणारा परिणाम मालकाने स्वतः दिल्यासारखाच असतो. मालकाने तसे सांगायला मुभा दिली होती की नाही, हे इथे पाहिले जात नाही. समजा पुढे बाईंनी आणि जोडप्याने पंच्याण्णवला साठेखत केले आणि मग कळले की पार्किंग बाईंच्या नावावर कधीच नव्हते. जोडपे त्या खोट्या माहितीवर विसंबून करारात आले असेल, तर ते करार मोडून बाहेर पडू शकते. बाई "मी असं बोललेच नव्हते" म्हणून त्यांना अडवू शकत नाहीत. एजंटच्या वचनाने मालकावर घर देण्याची सक्ती होत नाही, पण त्याच्या थापेमुळे मालकाचा करार हातचा जाऊ शकतो.

इथेही मर्यादा आहे. साध्या चौकशीने खरे कळण्यासारखे असेल, तर चुकीच्या माहितीच्या आधारे करार मोडता येईलच असे नाही. पार्किंगची चौकशी साधीच असते. सोसायटीच्या सचिवांना विचारले की ते कोणाला दिले आहे हे कळते. इमारतीखालची खांबांमधली जागा बिल्डर वेगळी विकू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या 2010 च्या निकालात सांगितले आहे. जुन्या इमारतींतल्या "पार्किंग घराबरोबर येतं" या वाक्यावर सोसायटीच्या कागदाशिवाय विश्वास ठेवू नये तो यामुळेच.

6. सहीनंतर तोंडी शब्दाचे काय होते?

साठेखतावर दोघांच्या सह्या झाल्या आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झाली की आणखी एक दार बंद होते. लेखी कराराच्या अटींशी विसंगत असे तोंडी बोलणे पुरावा म्हणून सहसा चालत नाही. हा नियम पूर्वी पुरावा कायद्याच्या 92 व्या कलमात होता, 1 जुलै 2024 पासून तो भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 95 व्या कलमात आहे. साठेखतात ताबा मार्चअखेर लिहिला असेल, तर एजंटची दिवाळी संपली. एजंटला अधिकार होता असे सिद्ध केले तरीही हीच अडचण येते. फसवणूक झाली असेल तर तिचा पुरावा मात्र देता येतो.

7. बिल्डरच्या नव्या प्रकल्पात

नव्या प्रकल्पात चित्र घेणाऱ्याच्या बाजूने झुकते. 2016 च्या रेरा कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पातली घरे विकून देणाऱ्या एजंटला नोंदणी सक्तीची केली आणि खोटी विधाने करण्यास मनाई केली. त्याच कायद्याच्या 12 व्या कलमाप्रमाणे जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना फ्लॅट यांवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्यातली माहिती खोटी निघून नुकसान झाले, तर बिल्डरने भरपाई द्यायची. घेणाऱ्याला बाहेर पडायचे असेल, तर पूर्ण रक्कम व्याजासह परत करायची. शिवाय 13 व्या कलमाप्रमाणे नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

पण पाहा, हा आधार बिल्डरच्या छापील आणि प्रसिद्ध केलेल्या शब्दाला आहे. एजंटने बिल्डरचे माहितीपत्रक तुमच्या फोनवर पाठवले, तर ते बिल्डरचेच. एजंट गाडीत बसल्या बसल्या "क्लबहाउसची मेंबरशिप फुकट आहे" असे म्हणाला आणि कोणत्याही कागदावर ते नाही, तर वाद पुन्हा जुन्याच ठिकाणी येतो. असे म्हणायला बिल्डरने त्याला पुढे केले होते का, हे सिद्ध करावे लागते.

8. टोकन देण्याआधीचा एक निरोप

घेणार असाल तर पैसे देण्याआधी मालकाचा नंबर मागा आणि त्याला लेखी निरोप पाठवा. "आपल्या कोथरूडच्या फ्लॅटबाबत एजंटने नव्वद लाख किंमत, झाकलेले पार्किंग आणि दिवाळीपूर्वी ताबा असे कळवले आहे. हे आपल्याला मान्य असल्यास कृपया कळवा. टोकन थेट आपल्या खात्यात भरू." मालकाने "मान्य" असे उत्तर दिले की एजंटच्या अधिकाराचा प्रश्नच उरत नाही, कारण आता शब्द मालकाचा स्वतःचा असतो. उत्तर आले नाही, तर टोकन देऊ नका. एजंट मालकाचा नंबर द्यायलाच तयार नसेल, तर त्याच्याकडे मालकाने सही केलेले अधिकारपत्र मागा आणि त्यात किंमत ठरवण्याचा, करार करण्याचा व पैसे घेण्याचा अधिकार वेगवेगळा लिहिला आहे का ते वाचा.

विकणार असाल तर एजंटला फोनवर नव्हे, लिहून कळवा की त्याने गिऱ्हाईक आणावे, किंमत व अटी तुम्ही स्वतः ठरवाल आणि टोकन त्याने घेऊ नये. पण एजंटला दिलेली ही सूचना गिऱ्हाइकाला ठाऊक नसते. गिऱ्हाइकाचा फोन आला की तीच गोष्ट त्यालाही सांगा, आणि तुम्ही न ठरवलेल्या अटींची पावती किंवा रक्कम तुमच्याकडे आली, तर त्याच दिवशी नकार लिहून रक्कम परत पाठवा.